पॅकिंगची ओळ दोनदा : सुरतेच्या पेढीला लिहायचे पत्र

परगावाहून आलेल्या बिलात एकच खर्च दोनदा लावलेला दिसला, तर दुकानदाराने पुरवठादाराला पत्र लिहून ती ओळ तपासून घ्यावी लागते. बिल दुसऱ्या भाषेत असेल आणि दुकानदाराच्या हाती त्याचे भाषांतर असेल, तर हे पत्र जास्त जपून लिहावे लागते. भाषांतरात दिसणारी चूक मूळ बिलात असेलच असे नाही, आणि पुरवठादाराकडे भाषांतर नसतेच. तो त्याच्या दप्तरातले मूळ बिल उघडून पाहणार. म्हणून दुकानदाराने विचारायचे ते मूळ बिलातल्या ओळीबद्दल.

महाराष्ट्रातल्या साड्यांच्या दुकानांचा बराच माल सुरतेहून येतो. तिथल्या पेढ्यांची बिले संगणकावर निघतात. जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, एचएसएन कोड, कराचा दर हे रकाने ठरलेले असतात. पण मालाचे वर्णन आणि वरखर्चाच्या ओळी पेढीवरचा माणूस आपल्या सोयीने, पुष्कळदा गुजरातीत, टाकतो. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला गुजराती अक्षर अडखळत वाचता येते किंवा येतच नाही. मग हिशेब लिहिणारा कारकून बिलाची मराठी नक्कल करतो आणि दुकानदार त्या नकलेवरून खरेदीचा भाव काढतो.

समजा, सोलापूर जिल्ह्यातल्या एका साडी दुकानाला 12 ऑगस्ट 2025 च्या तारखेचे असे बिल आले. माल 240 साड्या, भाव 410 रुपये, म्हणजे 98,400 रुपये. माल सहा पार्सलांतून आला, प्रत्येकात 40 साड्या. मराठी नकलेत मालाच्या खाली दोन ओळी आहेत : ‘पॅकिंग खर्च 900’ आणि पुन्हा ‘पॅकिंग खर्च 900’. करपात्र रक्कम 1,00,200. परराज्यातला माल असल्यामुळे त्यावर आयजीएसटी 5 टक्क्यांनी 5,010. बिलाची एकूण रक्कम 1,05,210 रुपये.

दोन ओळी, एकच नाव, एकच रक्कम. दुकानदाराचा पहिला समज असा होणार की पेढीने पॅकिंग दोनदा लावले. तसे असेलही, पण पत्र लिहायला बसण्याआधी मूळ बिल समोर ठेवायला हवे. मूळ गुजराती बिलात पहिली ओळ ‘पेकिंग खर्च, 6 पार्सल, दर 150, रु. 900’ अशी आहे आणि दुसरी नुसती ‘बारदान, रु. 900’ अशी. बारदान म्हणजे माल बांधायचे गोणपाट, पोती, खोकी. कारकुनाने दोन्हींना पॅकिंग खर्च म्हटले. त्यात तो फारसा चुकलाही नाही, कारण व्यवहारात दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत. मात्र यामुळे प्रश्न बदलतो. एक ओळ बांधणाऱ्याच्या मजुरीची आणि दुसरी सामानाची असेल, तर दोन्ही वाजवी असू शकतात. पार्सलामागच्या 150 रुपयांतच गोणपाट, सुतळी आणि मजुरी धरलेली असेल, तर बारदानाची ओळ जादा आहे.

यातले खरे काय हे बिल एकट्याने सांगत नाही. त्यासाठी दुकानातच असलेले तीन कागद कामी येतात. पहिला म्हणजे त्याच पेढीचे जुने बिल. मागच्या खेपेला चार पार्सले आली होती आणि पॅकिंग 600 लागले होते, बारदानाची ओळ नव्हती, असे दिसले तर पार्सलामागे 150 हाच पुरा खर्च होता हे जवळजवळ ठरते. दुसरा कागद ऑर्डरचा, म्हणजे दलालाने किंवा पेढीने भाव कळवताना पाठवलेली चिठ्ठी किंवा व्हॉट्सअॅपवरचा संदेश. ‘भाव 410, पॅकिंग पार्सलामागे 150, भाडे टू पे’ एवढे त्यात असले तरी पुरते. तिसरा कागद बिल्टी, म्हणजे माल पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टची पावती. तिच्यावर नगांची संख्या असते. तिथे 6 नग असतील तर 6 पार्सलांचे पॅकिंग बरोबर. 12 नग असते, तर प्रश्नच वेगळा झाला असता : माल बाराच पार्सलांत आला आणि पेढीने दोन ओळींत सहा-सहाचे पॅकिंग लावले, असाही उलगडा शक्य होता. दुकानात पार्सले उतरवून घेणाऱ्या माणसाने बिल्टीच्या मागे नग मोजून सही केली असेल, तर तो पुरावा सगळ्यात भक्कम.

बिल्टी पाहताना भाड्याचीही खात्री करून घ्यावी. सुरतेच्या बिलांत दोनदा लागण्याचा जास्त संभव भाड्यालाच असतो. बिल्टीवर ‘टू पे’ असेल तर भाडे दुकानदार माल सोडवताना ट्रान्सपोर्टला देतो, आणि ‘पेड’ असेल तर ते पेढीने भरलेले असते. टू पे बिल्टीचे भाडे दुकानदाराने भरले आणि बिलातही भाड्याची ओळ आली, तर ते दोनदा गेले. ही चूक बिलाकडे कितीही वेळ पाहिले तरी सापडत नाही, कारण बिलात भाडे एकदाच असते. दुसऱ्यांदा गेलेला पैसा ट्रान्सपोर्टच्या पावतीवर असतो.

आता रकमेचा हिशेब. बारदानाची ओळ जादा असेल तर करपात्र रक्कम 99,300 व्हायला हवी, कर 4,965 आणि एकूण 1,04,265. बिलाशी फरक 945 रुपयांचा. त्यात 900 खर्चाचे आणि 45 कराचे आहेत. पत्रात दोन्ही आकडे वेगळे लिहावेत. पॅकिंगवर कर का, असा प्रश्न काही दुकानदार इथेच विचारतात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 15 प्रमाणे माल सोपवण्याआधी किंवा सोपवताना पुरवठादाराने लावलेला पॅकिंगसारखा आनुषंगिक खर्च मालाच्या किमतीतच धरला जातो आणि त्यावर मालाच्याच दराने कर लागतो. म्हणून पॅकिंगवर कर लागणे ही चूक नव्हे, आणि पत्रात ती तक्रार मिसळली तर मूळ मुद्दा पातळ होतो.

240 साड्यांवर 900 रुपये म्हणजे साडीमागे 3 रुपये 75 पैसे. रक्कम किरकोळ वाटते. पण दुकानदार विक्रीची किंमत पडत्या भावावर लावतो, आणि पडता भाव 413.75 ऐवजी 417.50 धरला तर सगळ्या मालाची किंमत त्या हिशेबाने चढते. शिवाय पेढीच्या संगणकात ही ओळ एकदा बसली की पुढच्या प्रत्येक बिलात ती आपोआप येत राहते. पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच असते. एका खेपेच्या 945 रुपयांसाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता.

पत्राची भाषा कोणती असावी? सुरतेत खानदेशातून गेलेली मराठी वस्ती मोठी आहे आणि अनेक पेढ्यांवर मराठी वाचणारा माणूस सापडतो. नाहीतर सोपे हिंदी चालते. भाषा कुठलीही असो, वादाची ओळ मात्र मूळ बिलात आहे त्याच शब्दांत उतरवावी आणि बिलाची प्रत, ती ओळ खूण करून, सोबत जोडावी. वरच्या व्यवहाराचे पत्र मराठीत साधारण असे होईल :

‘श्रीयुत शेठजी, सप्रेम नमस्कार. आपले बिल क्रमांक 1187/25-26, तारीख 12 ऑगस्ट 2025, रक्कम रु. 1,05,210, मिळाले. माल सहा पार्सलांत, 240 नग साड्या, पूर्ण आणि चांगल्या स्थितीत पोचला.

बिलात मालाच्या खाली दोन ओळी आहेत. दुसरी ओळ “पेकिंग खर्च, 6 पार्सल, दर 150, रु. 900” आणि तिसरी ओळ “बारदान, रु. 900”. आमच्याकडच्या मराठी नकलेत दोन्ही ओळी पॅकिंग म्हणून आल्या आहेत, म्हणून मूळ बिल पाहून हे लिहीत आहोत. तिसरी ओळ वेगळ्या खर्चाची आहे, की दुसऱ्या ओळीतलाच खर्च पुन्हा आला आहे, ते कृपया कळवावे. मे महिन्याच्या आपल्या बिलात चार पार्सलांचे पॅकिंग रु. 600 होते आणि बारदान वेगळे नव्हते. ऑर्डरच्या वेळीही पार्सलामागे 150 एवढेच ठरले होते.

बारदान वेगळे असल्यास त्याचा दर आणि नग कळवावेत. ओळ चुकून आली असल्यास रु. 900 आणि त्यावरील आयजीएसटी रु. 45, मिळून रु. 945 ची क्रेडिट नोट या बिलाचा क्रमांक घालून द्यावी. बाकीची रक्कम रु. 1,04,265 ठरलेल्या मुदतीत पाठवत आहोत. बिलाची, मागील बिलाची आणि बिल्टीची प्रत सोबत जोडली आहे. कळावे.’

पत्र लहान आहे, पण त्यातल्या काही गोष्टी सहज सुटून जातात. माल पूर्ण पोचला हे पहिल्याच परिच्छेदात आहे. ते नसेल तर पेढीवरचा माणूस धरून चालतो की माल कमी आला म्हणून ही तक्रार आहे, आणि पत्र गोदामाकडे जाते. आरोप कुठेच नाही, ‘दोनदा लावले’ असे ठाम विधानही नाही. दोन शक्यता समोर ठेवल्या आहेत आणि दोन्हींवर काय करावे ते सांगितले आहे. त्यामुळे पेढीला उत्तर द्यायला एक ओळ पुरते. भाषांतराचा उल्लेख एकदाच, तोही प्रश्न का पडला ते सांगण्यापुरता. नक्कल मात्र सोबत जोडलेली नाही. ती जोडली की पेढीचा माणूस दोन कागद जुळवत बसतो आणि शेवटी ‘तुमच्या कारकुनाने चुकीचे लिहिले’ एवढेच उत्तर येते. ते खरे असते आणि निरुपयोगीही असते.

पत्राऐवजी फोन करून मोकळे होण्याची पद्धत सर्रास आहे. फोनवर ‘हो, बघतो, पुढच्या बिलात वळते करू’ असे उत्तर मिळते आणि पुढचे बिल येईपर्यंत ते दोघेही विसरतात. फोन जरूर करावा, पण त्याआधी पत्र ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर गेलेले असावे. सौदा दलालामार्फत झाला असेल तर एक प्रत दलालाला द्यावी. सुरतेच्या बिलांखाली बहुधा दोन वाक्ये छापलेली असतात : मुदतीनंतर व्याज लागेल, आणि वाद झाल्यास न्यायालय सुरतेचे. 945 रुपयांसाठी कोणी सुरतेच्या कोर्टाची पायरी चढत नाही. अशा रकमा दलालच मिटवतो, कारण पुढचा सौदाही त्यालाच जमवायचा असतो.

पत्र पाठवून झाल्यावर दुकानदारांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे पूर्ण रक्कम रोखून धरणे. वाद 945 चा असताना 1,05,210 अडवले, तर मुदत टळते, व्याजाचा मुद्दा पेढीच्या हाती जातो आणि मूळ प्रश्न मागे पडतो. वादात नसलेली रक्कम वेळेवर द्यावी आणि पैसे पाठवताना बिल क्रमांक आणि ‘945 वादात, पत्र अमुक तारखेचे’ एवढे कळवावे. काहीच न कळवता 945 कापून पैसे पाठवले, तर पेढीच्या खातेवहीत ते येणे म्हणून राहतात आणि वर्षाअखेरीस खातेउतारा जुळत नाही.

दुसरी चूक जरा आतली आहे. बरेच दुकानदार अशा वेळी स्वतःच पेढीच्या नावे 945 रुपयांची ‘डेबिट नोट’ फाडतात आणि हिशेब मिटला असे समजतात. आपल्या वहीत नोंद म्हणून तिला हरकत नाही. पण बिलात जादा किंमत किंवा जादा कर लागला असेल, तर कलम 34 प्रमाणे तो कमी करण्याचा कागद पुरवठादारानेच काढायचा असतो, आणि तो कागद म्हणजे क्रेडिट नोट. दुकानदाराच्या डेबिट नोटेने पेढीची करदेयता कमी होत नाही. म्हणून पत्रात क्रेडिट नोटच मागावी आणि तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक असावा.

तिसरा घोटाळा जीएसटीच्या पोर्टलवर होतो. पेढीने विवरण भरले की हे बिल 5,010 रुपयांच्या करासह दुकानदाराच्या GSTR-2B मध्ये दिसते. ते विवरण साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तयार होते. ऑक्टोबर 2024 पासून पोर्टलवर आलेली बिले स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय झाली आहे. एका ओळीचा वाद आहे म्हणून काही जण पूर्ण बिल नाकारून मोकळे होतात. बिलाचा एक तुकडा नाकारता येत नाही. नाकारले की पूर्ण 5,010 रुपयांची वजावट अडकते आणि पेढीच्या विवरणातही गुंता होतो. माल खरा आहे, बिल खरे आहे, फक्त एक ओळ वादात आहे. तेव्हा बिल स्वीकारून क्रेडिट नोटेची वाट पाहणे हाच सरळ मार्ग.

या उदाहरणात पेढीचे उत्तर असे आले असे धरू : पार्सलामागच्या 150 मध्ये गोणपाट, सुतळी आणि मजुरी सगळे आहे, बारदानाची ओळ संगणकातल्या जुन्या नमुन्यातून चुकून आली. मग पेढी 900 अधिक 45 ची क्रेडिट नोट काढते आणि ती आपल्या विवरणात दाखवते. ती दुकानदाराच्या GSTR-2B मध्ये उतरते आणि दुकानदार आधी घेतलेल्या वजावटीतून 45 रुपये परत करतो. नेहमीच्या पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या दुकानदाराचे खरे नुकसान 900 रुपयांचेच होते, 45 ची वजावट त्याला मिळालीच असती. पण दुकान कंपोझिशन योजनेत असेल तर वजावट मिळत नाही, आणि 945 रुपये पुरते खिशातून गेलेले असतात. छोट्या दुकानदाराने कराच्या 45 रुपयांसाठीही अडून बसणे त्यामुळे योग्यच ठरते.

उत्तर उलटेही येऊ शकते. पेढी म्हणू शकते की या खेपेपासून माल जाड गोणपाटाच्या दुहेरी बांधणीत पाठवला आणि त्याचे 150 वेगळे. तसे असेल तर पार्सलांचे बाहेरचे आवरण दुकानात अजून पडलेले असते, ते पाहून खात्री होते. म्हणूनच वाद मिटेपर्यंत बारदान भंगारवाल्याला देऊ नये. खर्च खरा असला तरी तो ऑर्डरच्या वेळी ठरला नव्हता, हा दुकानदाराचा मुद्दा उरतोच. पण तो मुद्दा भावाच्या घासाघिशीचा झाला. दुहेरी आकारणीची तक्रार तिथे मागे घ्यावी आणि रोखलेले 945 लगेच पाठवावेत.

काळाच्या मर्यादा दोन आहेत. करासह क्रेडिट नोट देऊन कर कमी करायचा असेल, तर ती आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा पेढीने त्याआधी वार्षिक विवरण भरले तर तोवर, विवरणात दाखवावी लागते. ऑगस्ट 2025 चे बिल 2025-26 सालातले, म्हणजे उशिरात उशिरा 30 नोव्हेंबर 2026. दुसरी मर्यादा दुकानदाराची आहे. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेवरची वजावट व्याजासह परत करावी लागते. या बिलाचे 180 दिवस 8 फेब्रुवारी 2026 ला भरतात. तोवर क्रेडिट नोट आली नाही आणि 945 ही दिले नाहीत, तर त्यातल्या 45 रुपयांची वजावट सोडावी लागेल. म्हणून जानेवारीत पेढीला एक स्मरणपत्र जायला हवे, पहिल्या पत्राची तारीख घालून.

नोव्हेंबरची मुदत टळली तरी 900 रुपये बुडत नाहीत. पेढी कर न धरता नुसत्या 900 ची क्रेडिट नोट देऊ शकते. तिने भरलेला 45 चा कर तसाच राहतो, दुकानदाराची तेवढी वजावटही तशीच राहते, आणि दुकानदाराला पेढीला रोखलेल्यातले 45 रुपये द्यावे लागतात. नेहमीच्या करदात्या दुकानाला हिशेब सारखाच पडतो. कंपोझिशनमधल्या दुकानाचे मात्र 45 रुपये जातात.

क्रेडिट नोट हाती आली की मूळ बिल, पत्र आणि नोट एकत्र टाचून ठेवावेत आणि कारकुनाने मराठी नकलेत तिसऱ्या ओळीपुढे ‘बारदान’ हा मूळ शब्द लिहून पुढे क्रेडिट नोटेचा क्रमांक टाकावा. पुढच्या बिलातही ती ओळ आली, तर नवीन पत्र लिहायची गरज नाही. जुन्या क्रेडिट नोटेची प्रत पाठवली की पेढीला ओळ कळते.